परसेप्ट्रॉनच्या एकाच गणिताची तीन उत्तरं

प्रश्न: अँड गेटचं परसेप्ट्रॉनचं न्यूमेरिकल. लर्निंग रेट १, सुरुवातीचे वेट्स आणि बायस शून्य. माझं उत्तर w1=2, w2=1, b=-3 येतंय, मैत्रिणीचं 2, 1, -2 येतंय आणि सीनियरच्या नोट्समध्ये 1, 1, -1 दिलंय. तीनदा करून बघितलं, माझं तेच येतं. एंडसेमला कुठलं लिहायचं? आणि नक्की थांबायचं कधी?

उत्तर:

तिन्ही बरोबर आहेत. फक्त प्रत्येक उत्तर ज्या नियमाने काढलंय त्या नियमापुरतंच बरोबर आहे, एकाचं उचलून दुसऱ्याच्या नियमात टाकलं की फसतं. करूनच बघ ना. नोट्समधलं 1, 1, -1 घे आणि तुझ्या पद्धतीने, म्हणजे इनपुट शून्य-एक आणि नेट शून्य किंवा त्याहून जास्त आलं तर आउटपुट एक, अशी (0,1) ही ओळ तपास. नेट येतं 0+1-1, म्हणजे शून्य, म्हणजे तुझ्या नियमाने आउटपुट एक, आणि अँडला तिथे हवंय शून्य. मैत्रिणीचं 2, 1, -2 तुझ्या नियमात (1,0) ला असंच आपटतं.

मी पुण्यातच इंजिनिअरिंगला शिकवते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे अगं-तुगं करतेय, वर्गातली सवय आहे. आणि हा घोळ मी स्वतः घालून बसलेली आहे. पूर्वी एकदा युनिट टेस्टला हेच गणित टाकलं आणि प्रश्नात "नेट शून्य आलं तर आउटपुट काय" हे लिहायचंच विसरले. पेपर तपासताना माझ्या उत्तरपत्रिकेत -3 होतं म्हणून -2 वाल्यांचे मार्क कापत गेले, अर्धा गठ्ठा झाला. दुसऱ्या दिवशी एक मुलगी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली, म्हणाली मॅडम माझ्या वेट्समध्ये चारही ओळी टाकून बघा, कुठली चुकते ते दाखवा. एकही चुकत नव्हती. सगळा गठ्ठा परत काढावा लागला.

तर खरी अडचण अशी आहे की "परसेप्ट्रॉनने अँड गेट सोडवा" एवढ्या वाक्यातून एकच एक उत्तर निघतच नाही. इनपुट-टार्गेट शून्य-एक आहेत की वजा एक-अधिक एक, नेट बरोबर शून्य आलं तर काय करायचं, आणि ओळी कुठल्या क्रमाने घ्यायच्या, या तिन्ही गोष्टी ठरल्या की मगच गणित सुरू होतं. काही पेपरमध्ये दिलेल्या असतात, काहींत अर्धवट असतात, काहींत काहीच नसतं आणि मग आपल्याला ठरवून तसं लिहावं लागतं.

आता तुझंच गणित पूर्ण करू, कारण मला वाटतं तुझी पद्धत बरोबर आहे पण ती बरोबर आहे याची तुला खात्री नाहीये. नियम हा:

```
net = w1*x1 + w2*x2 + b
y = 1 (net >= 0), नाहीतर 0
e = t - y
w1 = w1 + η*e*x1
w2 = w2 + η*e*x2
b  = b  + η*e
```

यात बायस म्हणजे ज्याचं इनपुट कायम एक असतं असं तिसरं वेट, म्हणून त्याच्या सूत्रात x दिसत नाही. आणि e शून्य असेल तर काहीच बदलत नाही, ती ओळ जशीच्या तशी खाली उतरवायची.

पहिली ओळ (0,0). सगळं शून्य म्हणून नेट शून्य, तुझ्या नियमाने आउटपुट एक, टार्गेट शून्य, एरर -1. आता इथे पोरं गडबडतात, तिन्ही वेट्समधून एक वजा करून मोकळी होतात. अगं पण x1 आणि x2 दोन्ही शून्य आहेत, मग e*x1 पण शून्यच. ज्या इनपुटने त्या ओळीत काही हातभारच लावला नाही त्याच्या वेटला शिक्षा नाही. फक्त बायस -1 होतो.

दुसरी ओळ (0,1), आणि इथे नवा बायस वापरायचा, जुना नाही. नेट -1, आउटपुट शून्य, टार्गेट शून्य, बदल नाही. तिसरी तशीच. चौथी (1,1), नेट 0+0-1 म्हणजे -1, आउटपुट शून्य पण टार्गेट एक, एरर +1. इथे दोन्ही इनपुट एक आहेत म्हणून w1, w2 आणि b तिन्ही एकने वाढतात. टेबलात असं दिसतं, शेवटचे तीन रकाने त्या ओळीनंतरचे:

```
इपॉक 1
x1 x2  t  net  y   e  | w1 w2  b
0  0   0   0   1  -1  |  0  0 -1
0  1   0  -1   0   0  |  0  0 -1
1  0   0  -1   0   0  |  0  0 -1
1  1   1  -1   0  +1  |  1  1  0
```

चार ओळी झाल्या की एक इपॉक. वेट्स पुसायचे नाहीत, दुसरा इपॉक 1, 1, 0 पासून सुरू. (मला दर वर्षी दोन-तीन पेपर असे मिळतात की दुसऱ्या इपॉकला पुन्हा शून्यापासून सुरुवात केलेली असते आणि मग अर्थातच पहिलाच इपॉक पुन्हा छापून येतो.)

```
इपॉक 2
0  0   0   0   1  -1  |  1  1 -1
0  1   0   0   1  -1  |  1  0 -2
1  0   0  -1   0   0  |  1  0 -2
1  1   1  -1   0  +1  |  2  1 -1

इपॉक 3
0  0   0  -1   0   0  |  2  1 -1
0  1   0   0   1  -1  |  2  0 -2
1  0   0   0   1  -1  |  1  0 -3
1  1   1  -2   0  +1  |  2  1 -2
```

तिसऱ्या इपॉकमध्ये जरा थांबून बघ काय चाललंय ते. (0,1) आणि (1,0) या दोन ओळी म्हणतायत वेट्स कमी करा, आणि (1,1) येऊन म्हणते वाढवा. ओढाताण चालू आहे, पण या ओढाताणीत बायस हळूहळू खाली सरकतोय, इपॉकच्या शेवटी 0, मग -1, मग -2. गणित पुढे जातंय की नुसतं गोल फिरतंय हे तुला इथे दिसतं.

```
इपॉक 4
0  0   0  -2   0   0  |  2  1 -2
0  1   0  -1   0   0  |  2  1 -2
1  0   0   0   1  -1  |  1  1 -3
1  1   1  -1   0  +1  |  2  2 -2

इपॉक 5
0  0   0  -2   0   0  |  2  2 -2
0  1   0   0   1  -1  |  2  1 -3
1  0   0  -1   0   0  |  2  1 -3
1  1   1   0   1   0  |  2  1 -3
```

पाचव्याच्या दुसऱ्या ओळीला 2, 1, -3 मिळाले आणि पुढे बदलले नाहीत. पण पाचव्यात एक दुरुस्ती झालीये, म्हणून इथे थांबायचं नाही. त्या इपॉकची (0,0) ही ओळ आपण जुन्या वेट्सने तपासली होती, नव्या वेट्सने नाही. सहावा इपॉक करायचा:

```
इपॉक 6
0  0   0  -3   0   0  |  2  1 -3
0  1   0  -2   0   0  |  2  1 -3
1  0   0  -1   0   0  |  2  1 -3
1  1   1   0   1   0  |  2  1 -3
```

चारही ओळींना एरर शून्य. आता थांब. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच, एक संपूर्ण इपॉक एकही दुरुस्ती न होता गेला पाहिजे, आणि तो इपॉक पेपरवर दिसला पाहिजे. मी तपासते तेव्हा हा शेवटचा कोरा इपॉक नसेल तर मार्क कापते, कारण त्याशिवाय पोराला उत्तर बरोबर असल्याचं कळलं होतं की त्याचा कंटाळा आला म्हणून थांबला हे मला कसं कळणार. "दोनच इपॉक दाखवा" असं प्रश्नात असेल तर अर्थात दोनच, आणि खाली एक ओळ लिहायची की अजून कन्व्हर्ज झालेलं नाही. "दोन इटरेशन" असं लिहिलं असेल तर मात्र पंचाईत, कारण काही जण एका ओळीला इटरेशन म्हणतात आणि काही जण अख्ख्या इपॉकला, तेव्हा मी म्हणेन की अख्खे दोन इपॉक करून टाक, दोन ओळी त्यात येऊनच जातात.

आता मैत्रिणीचं. तिने नेट शून्यापेक्षा जास्त असेल तरच आउटपुट एक धरलंय, शून्याला शून्य. एवढाच फरक. तिच्या पहिल्या इपॉकमध्ये (0,0) ला नेट शून्य, आउटपुट शून्य, टार्गेट शून्य, काहीच होत नाही. तुझा बायस तिथे -1 झाला, तिचा शून्यच राहिला. आणि तिथून पुढे गंमत आहे, दोघींची टेबलं शेजारी ठेव, प्रत्येक ओळीत w1 आणि w2 अगदी सारखे, आणि तिचा बायस तुझ्यापेक्षा बरोबर एकने जास्त, शेवटपर्यंत. का, तर सगळे आकडे पूर्णांक आहेत, त्यामुळे "नेट शून्य किंवा जास्त" आणि "नेट अधिक एक हे शून्यापेक्षा जास्त" या दोन्हीचा अर्थ एकच होतो. पहिल्याच ओळीने तुम्हा दोघींमध्ये एकाचं अंतर पाडलं आणि मग दोघी समांतर चालत राहिलात. तुझ्या एकूण ११ दुरुस्त्या, तिच्या १०, ती एक जास्तीची म्हणजे पहिली (0,0) वालीच. इपॉक दोघींना सहाच. त्यामुळे तुम्ही दोघींनीही आकडेमोडीत कुठेच चूक केलेली नाही हे मी टेबल न बघताच सांगू शकते, चूक झाली असती तर उत्तरं इतकी व्यवस्थित एकाच्या फरकाने आली नसती.

ग्राफ पेपरवर काढलंस तर अजून एक दिसेल. तुझी रेघ 2*x1 + x2 = 3, ती थेट (1,1) या बिंदूतूनच जाते. तिची 2*x1 + x2 = 2, ती (1,0) मधून जाते. दोन्ही रेघा एकेका बिंदूला चिकटून आहेत, मधोमध कुणीच नाही. परसेप्ट्रॉन असाच आहे, चुका संपल्या की काम बंद, रेघ चांगल्या जागी आहे का याच्याशी त्याला देणंघेणं नाही. व्हायव्हाला "हीच रेघ सगळ्यात चांगली का" असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणायचं, आणि ती मधोमधची रेघ शोधायचं काम सपोर्ट व्हेक्टर मशीन करतं.

नोट्समधलं 1, 1, -1 हे बायपोलर पद्धतीचं आहे, म्हणजे शून्याच्या जागी वजा एक, इनपुटलाही आणि टार्गेटलाही. नोट्सवाल्याने बहुतेक (1,1) पासून सुरुवात केलीये, पुस्तकांत बायपोलर टेबल बऱ्याचदा त्याच क्रमाने असतं. तिथे आउटपुट असं धरतात की नेट धन असेल तर +1, ऋण असेल तर -1 आणि बरोबर शून्य असेल तर शून्य, आणि तो शून्य कुठल्याच टार्गेटशी जुळत नसल्यामुळे चूक मानला जातो. चूक झाली की वेटमध्ये t*x मिळवायचं, बायसमध्ये t.

```
x1 x2  t  net | w1 w2  b
 1  1 +1   0  |  1  1  1
 1 -1 -1   1  |  0  2  0
-1  1 -1   2  |  1  1 -1
-1 -1 -1  -3  |  1  1 -1
```

दुसऱ्या इपॉकला नेट येतात 1, -1, -1, -3, चारही बरोबर, संपलं. तीन दुरुस्त्या आणि दोन इपॉक, तुझे सहा. तुझ्या टेबलात (0,1) ला चूक झाली की w1 ला काहीच शिकायला मिळत नव्हतं कारण x1 शून्य होता, इथे शून्य कुठेच नाही म्हणून प्रत्येक चूक तिन्ही वेट्सना हलवते. हे फक्त हातचलाखी नाहीये बरं का. परसेप्ट्रॉन फ्रँक रोझेनब्लाटने १९५० च्या दशकाच्या शेवटी मांडला, आणि पुढे १९६२ मध्ये नोविकॉफने दाखवलं की सरळ रेघेने वेगळा होणारा डेटा असेल तर दुरुस्त्यांना वरून एक मर्यादा असते. ती काढायची म्हणजे सगळ्यात लांबच्या बिंदूच्या अंतराचा वर्ग भागिले सगळ्यात मोकळ्या रेघेभोवतीच्या जागेचा वर्ग. बायस धरून ती मी काढली तर शून्य-एक अँडला ५१ येते आणि बायपोलरला ९. प्रत्यक्षात ११ आणि ३ लागल्या. म्हणजे पेपरमध्ये काही दिलं नसेल आणि तुझ्या हातात असेल तर बायपोलर घे, वेळ वाचतो.

पण बायपोलरमध्ये एक खड्डा आहे. तू जर तुझंच सूत्र, e = t - y, तिथे नेलंस तर टार्गेट -1 आणि आउटपुट +1 असताना e होतं -2, आणि वेट्स दोनने उडतात. ते चूक नाही, त्या ओळीपुरता लर्निंग रेट दुप्पट केल्यासारखं आहे, पण नेट बरोबर शून्य आलेल्या ओळीला मात्र वेट्स एकनेच हलतात, म्हणून शेवटचे आकडे नोट्सपेक्षा वेगळे येतात. पण अर्ध्या ओळी t*x ने आणि अर्ध्या (t-y)*x ने केल्या तर मात्र काय येईल याचा नेम नाही, आणि दोन पुस्तकं शेजारी उघडी ठेवून अभ्यास करणाऱ्यांचं हमखास हेच होतं. एक सूत्र पकड आणि शेवटपर्यंत तेच.

थांबण्याबद्दल अजून एक, कारण कधी कधी गणितात एक्सऑर दिलेला असतो आणि पोरं आठ-आठ इपॉक करत बसतात की आत्ता संपेल, मग संपेल. तुझ्याच नियमाने, तुझ्याच क्रमाने एक्सऑर केलास तर पहिल्या इपॉकनंतर वेट्स येतात -1, 0, -1. दुसऱ्यानंतर -1, 0, 0. तिसऱ्यानंतर पुन्हा -1, 0, 0. दुसऱ्याचा शेवट आणि तिसऱ्याचा शेवट तंतोतंत सारखा, मधे मात्र चार दुरुस्त्या झाल्यात. आता चौथा इपॉक त्याच वेट्सपासून, त्याच ओळींनी, त्याच क्रमाने सुरू होणार, मग तो वेगळा होणार कसा? कात्रजहून निघालेली बस स्वारगेटला जाऊन परत कात्रजलाच येते तसं आहे ते, कितीही वेळा बसलीस तरी डेक्कन येणार नाही. इथेच पेन ठेवायचं आणि लिहायचं की इपॉक संपतानाचे वेट्स आधीच्या एका इपॉकशी जुळले, मधे एरर शून्य झालेली नाही, म्हणून हे चक्र आहे आणि डेटा एका रेघेने वेगळा होत नाही. तीन इपॉकमध्ये पूर्ण उत्तर.

अँडमध्ये आपण बघितलं होतं की बायस हळूहळू खाली सरकत होता आणि इपॉकच्या शेवटचे तीन आकडे उत्तर येईपर्यंत एकदाही रिपीट झाले नाहीत. एक्सऑरमध्ये काहीच सरकत नाही. "अजून थोडं केलं तर होईल का" हे ओळखायचं ते असं, इपॉकच्या शेवटचे तीन आकडे बाजूला एका रकान्यात लिहीत जायचे आणि रिपीट झाले का ते बघायचं.

राहिला तुझा पहिला प्रश्न, कुठलं लिहायचं. पेपरमध्ये जे दिलंय ते. दिलेलं नसेल तर जी पद्धत घेशील ती टेबल सुरू करायच्या आधी लिही, तुझ्या पद्धतीला असं: इनपुट आणि टार्गेट शून्य-एक धरले आहेत, नेट शून्य किंवा जास्त असल्यास आउटपुट एक, ओळींचा क्रम 00, 01, 10, 11, प्रत्येक ओळीनंतर वेट्स बदलले आहेत. या दोन ओळी लिहिल्या की तुझं 2, 1, -3 कुणीही चूक म्हणू शकत नाही, कारण तपासणाऱ्याच्या हातातली उत्तरपत्रिका -2 म्हणत असली तरी त्याला तुझ्या गृहीतकाने पुढे जावं लागतं. आणि शेवटच्या इपॉकखाली रेघेचं समीकरण लिही.

क्रमाचा मुद्दा हलका घेऊ नकोस. तेच चार बिंदू उलट्या क्रमाने घेतलेस तर टेबल पहिल्या ओळीपासूनच वेगळं होतं आणि उत्तरही वेगळं येऊ शकतं. प्रश्नात ज्या क्रमाने टेबल छापलंय त्याच क्रमाने जायचं, आपलं डोकं लावायचं नाही.

ता.क. एक राहिलंच. काही पेपरांत बायसऐवजी थ्रेशोल्ड देतात, उदाहरणार्थ वेट्स 0.3 आणि -0.1, थ्रेशोल्ड 0.2, लर्निंग रेट 0.1, आणि थ्रेशोल्ड शिकायचा नसतो, फक्त w1 आणि w2 बदलायचे. त्यात नेट म्हणजे बेरीज वजा थ्रेशोल्ड. हे हाताने करून मग पायथनमध्ये ताडून बघायला गेलीस तर उत्तर जुळणार नाही आणि तू दोन तास स्वतःची चूक शोधत बसशील. दुसऱ्या इपॉकच्या (1,1) ओळीला वेट्स 0.2 आणि 0 असतात, हाताने नेट येतं 0.2 वजा 0.2, स्वच्छ शून्य, म्हणून आउटपुट एक. कॉम्प्युटरला विचार:

```
>>> 0.3 - 0.1 - 0.2
-2.7755575615628914e-17
```

दशांश अपूर्णांक बायनरीत नेमके बसत नाहीत म्हणून ते शून्याच्या केसभर खाली येतं, आणि केसभर खाली म्हणजे नियमाने आउटपुट शून्य, मग एक नको असलेली दुरुस्ती होते आणि तिथून पुढचं सगळं टेबल बदलतं. उपाय सोपा आहे, सगळे आकडे दहाने गुण, वेट्स 3 आणि -1, थ्रेशोल्ड 2, लर्निंग रेट 1. निर्णय सगळे तेच राहतात, आकडे पूर्णांक होतात, आणि शेवटी उत्तराला दहाने भागायचं. पेपरमध्येही मी असंच करते, अपूर्णांकात वजाबाकी करताना चिन्ह चुकतं माझं.